निबंधातील मुख्य शब्दाची व्याख्या आणि तिचे पालन
(‘दुष्काळ’ या शब्दाच्या उदाहरणाने)



वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या वह्या पाहिल्या म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त केलेल्या आढळतात, वाक्यरचनेकडेही लक्ष दिलेले दिसते. परंतु एक दोष असा आहे की, त्याच्याखाली सहसा रेघ ओढली जात नाही. निबंधाच्या आरंभी एखादा शब्द एका अर्थाने घेतला जातो; पुढे दोन परिच्छेदांनंतर तोच शब्द नकळत दुसऱ्या अर्थाने येतो; आणि शेवटचा निष्कर्ष या दोन अर्थांची सरमिसळ करून काढला जातो. शब्दाचे रूप तेच राहिल्यामुळे लिहिणाऱ्याला हा बदल जाणवत नाही आणि तपासणाऱ्याच्याही नजरेतून तो निसटतो. भाषा शुद्ध, अक्षर वळणदार, आणि तरीही निबंधातील विचार खोटा, अशी स्थिती होते.

हा दोष कसा घडतो, कसा ओळखावा आणि कसा दूर करावा, हे एकाच शब्दाच्या आधारे पाहणे सोयीचे होईल. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक मुलाच्या कानावरून गेलेला ‘दुष्काळ’ हा शब्द घेऊ. ‘दुष्काळ : निसर्गनिर्मित की मानवनिर्मित?’ हा विषय निबंधासाठी व वक्तृत्वासाठी वारंवार दिला जातो, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी लिहिणारी मुले बहुधा एकाच खड्ड्यात पडतात.

एका शब्दाचे चार अर्थ

‘दुष्काळ’ हा शब्द आपण निदान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो.

पहिली गोष्ट म्हणजे पावसाची तूट. भारतीय हवामान खात्याच्या परिभाषेप्रमाणे एखाद्या प्रदेशात हंगामाचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी झाला म्हणजे तेथे हवामानशास्त्रीय दुष्काळ झाला असे मानतात, आणि तूट ५० टक्क्यांच्या वर गेली तर तो तीव्र समजतात. येथे मोजले जाते ते केवळ पाणी, तेही पर्जन्यमापकात पडलेले.

दुसरी गोष्ट म्हणजे पीक बुडणे. ती पावसाच्या तुटीशी जोडलेली असली तरी तीच नव्हे. समजा, एका गावाची पावसाळ्यातील सरासरी ८०० मिलिमीटर आहे. तिच्या ७५ टक्के म्हणजे ६०० मिलिमीटर. एखाद्या वर्षी तेथे ६४० मिलिमीटर पाऊस झाला, परंतु ऑगस्ट महिन्यात सोयाबीन शेंगा धरत असता पाच आठवडे थेंबही पडला नाही. पहिल्या अर्थाने तेथे दुष्काळ नाही. दुसऱ्या अर्थाने मात्र शेतकऱ्याचे वर्ष गेले. याच्या उलट, त्या वर्षी ५८० मिलिमीटरच पाऊस झाला, पण तो वेळच्या वेळी झाला किंवा शेतापर्यंत कालव्याचे पाणी आले, तर पहिल्या अर्थाने दुष्काळ असूनही पीक उभे राहील. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावरील वसमत भागातील शेत आणि सेनगावकडील माळावरचे कोरडवाहू शेत यांच्यावर एकाच तुटीचा परिणाम सारखा होत नाही, हे आपण जाणतोच.

तिसरी गोष्ट म्हणजे उपासमार. लोकांना अन्न मिळत नाही, ते विकत घेण्याची ऐपत राहत नाही, आणि माणसे अन्नावाचून मरतात. इंग्रजीत याला ‘फॅमिन’ असा स्वतंत्र शब्द आहे व पावसाच्या तुटीला ‘ड्रॉट’ असा दुसरा. मराठीत दोन्हींना आपण दुष्काळच म्हणतो. मराठी लेखकाने येथे अधिक सावध राहावयास हवे, त्याचे कारण हेच.

चौथी गोष्ट म्हणजे शासनाची घोषणा. पूर्वी आणेवारी व पुढे पैसेवारी काढून, ती ५० पैशांच्या खाली आली म्हणजे टंचाईची परिस्थिती मानण्याची पद्धत होती. केंद्र शासनाने २०१६ साली दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता केली. तिच्यात आधी पावसाचे प्रमाण पाहावयाचे आणि मग पिकांची स्थिती, जमिनीतील ओल, जलसाठे इत्यादी निर्देशक तपासावयाचे असे ठरले. या नव्या पद्धतीनुसार महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. या अर्थाने दुष्काळ हा विशिष्ट तारखेला, विशिष्ट तालुक्यात, आदेशाने ‘जाहीर’ होतो. पावसाप्रमाणे तो ‘पडत’ नाही. तालुक्याची शीव ओलांडताच शेताची स्थिती बदलते असे नाही. परंतु आदेशाची व्याप्ती मात्र तेथे संपते.

या अर्थांपैकी कोणताही चुकीचा नाही. चूक होते ती एका अर्थावरून दुसऱ्यावर न सांगता उडी मारण्यात.

एक नमुना

पुढील परिच्छेद या लेखासाठी मुद्दाम तयार केला आहे. वाक्यांना क्रमांक दिले आहेत, ते पुढील चर्चेच्या सोयीसाठी.

“(१) दुष्काळ म्हणजे पुरेसा पाऊस न पडणे. (२) पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. म्हणून दुष्काळ टाळणे माणसाच्या हाती नाही. (३) १९४३ साली बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडून लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. (४) दुष्काळ टाळणे माणसाच्या हाती नसल्यामुळे या मृत्यूंचा दोष कोणालाही देता येत नाही. (५) आमच्या तालुक्यात यंदा दुष्काळ जाहीर झालेला नाही. म्हणून पिके गेल्याची शेतकऱ्यांची तक्रार खरी मानता येत नाही.”

व्याकरणाच्या दृष्टीने या परिच्छेदात दोष काढणे कठीण आहे. लेखकाने आरंभी व्याख्या दिली आहे, हेही मान्य केले पाहिजे. तरीही चौथे आणि पाचवे वाक्य वाचताना मन अडखळते. का अडखळते, हे शोधण्याची एक सोपी कसोटी आहे. लेखकाने दिलेली व्याख्या घ्यावी आणि पुढे ज्या ज्या ठिकाणी तो शब्द आला आहे त्या त्या ठिकाणी शब्द खोडून व्याख्याच ठेवावी.

दुसऱ्या वाक्यात असे केल्यास काही बिघडत नाही. ‘पुरेसा पाऊस न पडणे टाळणे माणसाच्या हाती नाही’ हे वाक्य ओबडधोबड असले तरी खरे आहे.

तिसऱ्या वाक्यात व्याख्या ठेवली की ते असे होते : ‘१९४३ साली बंगालमध्ये पुरेसा पाऊस न पडून लक्षावधी माणसे मेली.’ हे विधान खरे नाही. बंगालची ती आपत्ती पाऊस न पडल्यामुळे आलेली नव्हती. १९४२ च्या ऑक्टोबर महिन्यात वादळाने किनाऱ्याकडील भातपिकाची हानी केली होती. युद्धामुळे ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला होता. साठेबाजी आणि युद्धखर्च यांमुळे तांदळाचे भाव इतके चढले की शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या मजुरीत पोटापुरते धान्य येईना. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, १९४३ साली बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य १९४१ सालापेक्षा कमी नव्हते, आणि १९४१ साली तर अशी उपासमार झालेली नव्हती. म्हणजे धान्य प्रांतात होते, पण ते मिळविण्याची ऐपत गरिबांपाशी नव्हती. तेव्हा तिसऱ्या वाक्यातील ‘दुष्काळ’ हा पहिल्या वाक्यातील दुष्काळ नव्हे. तो उपासमार या अर्थाचा आहे.

आता चौथ्या वाक्याचे बिंग फुटते. ‘टाळणे हाती नाही’ हे सिद्ध केले होते ते पावसाच्या तुटीविषयी. ते लागू केले उपासमारीला. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे एकीचा निर्दोषपणा दुसरीला आपोआप मिळाला. येथे केवळ शब्दयोजना चुकलेली नाही. लक्षावधी माणसांच्या मृत्यूचा विचार ज्यावर अवलंबून आहे, तो प्रश्नच या एका घसरगुंडीने मिटविला गेला.

पाचव्या वाक्यात व्याख्या ठेवून पाहिल्यास ‘यंदा पुरेसा पाऊस न पडणे जाहीर झालेले नाही’ असे अर्थहीन वाक्य तयार होते. म्हणजे येथे चौथा अर्थ आला आहे. घोषणा झालेली नाही यावरून पीक गेले नाही असा निष्कर्ष काढला आहे. परंतु घोषणा हा एक निर्णय आहे आणि पीक जाणे ही एक घटना आहे. घटना घडूनही निर्णय होत नाही, किंवा उशिरा होतो, किंवा शेजारच्या तालुक्यापुरताच होतो, असे होऊ शकते.

एवढ्यावरून या कसोटीचे दोन निकाल लक्षात येतील. व्याख्या ठेवल्यावर वाक्य अर्थहीन झाले, तर अर्थ बदलला आहे हे निश्चित. वाक्याला अर्थ राहिला, पण ते खोटे झाले, तर अर्थ बदलला असेल किंवा लेखकाची माहितीच चुकीची असेल. यांपैकी काय ते लेखकाला विचारून ठरवावे. दुसऱ्या प्रकारचा बदल अधिक फसवा, कारण वाक्य ऐकण्यास ठीक लागते.

दुसऱ्या बाजूचा निबंधही याच प्रकारे घसरतो. ‘दुष्काळ मानवनिर्मित आहे, हे बंगालच्या उदाहरणावरून सिद्ध झाले, म्हणून यंदाच्या दुष्काळाचा दोषही माणसाचाच आहे,’ असे एखादा विद्यार्थी लिहितो. त्याचा पूर्वार्ध उपासमारीविषयी आहे आणि उत्तरार्ध पावसाविषयी. वादात दोघे परस्परविरुद्ध बाजूंना उभे असले, तरी दोघांची चूक एकच आहे, हे वर्गात दाखवून दिल्यास मुलांना तिचे स्वरूप चांगले समजते.

आपल्या परंपरेतील नाव

ही चूक आजची नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात होणाऱ्या ‘छला’चे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील पहिला आहे वाक्छल. त्याचे रूढ उदाहरण ‘नव’ या शब्दाचे आहे. संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवीन आणि ‘नव’ म्हणजे नऊ. एकाने एका मुलाविषयी सांगितले की, याची घोंगडी नवी आहे. प्रतिपक्षी म्हणाला, याच्यापाशी नऊ घोंगड्या कोठे आहेत, एकच तर आहे! बोलणाऱ्याचा अर्थ सोडून त्याच शब्दाचा दुसरा अर्थ धरणे, हे वाक्छल होय. निबंधातील दोष आणि हे छल यांत फरक इतकाच की, छल करणारा दुसऱ्याला जाणूनबुजून फसवितो, तर निबंध लिहिणारा नकळत स्वतःच फसतो.

तिसरा प्रकार उपचारछल. लाक्षणिक बोलणे शब्दशः घेणे, असे त्याचे स्वरूप आहे. मुले निबंधाच्या शेवटी ‘आज खरा दुष्काळ माणुसकीचा आहे’ असे वाक्य आवडीने लिहितात. अलंकार म्हणून त्यास हरकत नाही. परंतु त्यानंतर ‘म्हणून माणुसकी वाढली की दुष्काळ हटेल’ असे लिहिले, तर अलंकारातील दुष्काळ आणि शेतातील दुष्काळ एक केले गेले. लाक्षणिक प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये, हा नियम मुलांना सहज कळतो.

व्याख्या कशी पारखावी

आरंभी व्याख्या द्या, इतकेच सांगितल्याने काम भागत नाही. कारण व्याख्या स्वतःच सदोष असू शकते. येथेही न्यायशास्त्रातील जुनी पारख उपयोगी पडते. लक्षणाचे तीन दोष सांगितलेले आहेत आणि गाईच्या उदाहरणाने ते समजावून देण्याची पद्धत आहे. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘शिंगे असलेली ती गाय’ म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एकसंध खुराची ती गाय’ म्हटले तर एकही गाय आत येत नाही; हा असंभव.

हीच पारख आपल्या शब्दाला लावू. ‘दुष्काळ म्हणजे पाऊस अजिबात न पडणे’ ही व्याख्या असंभवाच्या जवळ जाते, कारण आपल्याकडील वाईटात वाईट वर्षीही काही पाऊस पडलेला असतो. ‘दुष्काळ म्हणजे वाईट काळ’ ही शब्दाच्या व्युत्पत्तीवरून केलेली व्याख्या अतिव्याप्त आहे. तिच्यात महामारी, भूकंप आणि युद्ध हे सर्व येते. व्युत्पत्ती शब्द कोठून आला ते सांगते. आज तो कोठे लागू पडतो ते सांगेलच असे नाही. ‘दुष्काळ म्हणजे दुष्काळी परिस्थिती निर्माण होणे’ ही तर व्याख्याच नव्हे, कारण जे सांगावयाचे तेच पुन्हा उच्चारले आहे. मुलांच्या वह्यांत असे चक्रक वारंवार आढळते.

अव्याप्तीचे एक ताजे उदाहरण आपल्या विभागातच घडले. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके आडवी झाली, आणि ‘ओला दुष्काळ’ जाहीर करावा अशी मागणी सर्वत्र झाली. शासनाचे म्हणणे असे होते की, ‘ओला दुष्काळ’ अशी संज्ञा नियमांत नाही, मात्र दुष्काळात मिळणाऱ्या सवलती लागू करण्यात येतील. शेतकऱ्याच्या दृष्टीने दुष्काळ म्हणजे पीक जाणे. मग ते पावसावाचून जावो की पावसाने जावो. संहितेच्या दृष्टीने दुष्काळाचा आरंभ पावसाच्या तुटीपासून होतो. एकाच्या व्याख्येत जे बसते ते दुसऱ्याच्या व्याख्येत बसत नव्हते. शेतातील नुकसान दोघांनाही मान्य होते. मतभेद होता तो शब्दाच्या व्याप्तीविषयी.

यावरून कोणत्या शब्दाची व्याख्या द्यावयाची तेही ठरविता येते. निबंधातील प्रत्येक शब्दाची व्याख्या देऊ लागल्यास निबंधाचा कोश होईल. ज्या शब्दाविषयी ‘सर्व हकीकत मान्य असूनही दोन माणसे होय आणि नाही अशी भिन्न उत्तरे देऊ शकतील’ असे वाटते, आणि निष्कर्ष ज्याच्यावर टेकलेला आहे, त्याच शब्दाची व्याख्या द्यावी. वरील विषयात तो शब्द ‘दुष्काळ’ आहे आणि काही अंशी ‘मानवनिर्मित’ हाही आहे. ‘पाऊस’, ‘शेतकरी’, ‘बंगाल’ यांची व्याख्या करण्याचे कारण नाही. तसेच ‘मी नदी बोलते आहे’ यांसारख्या कल्पनाप्रधान निबंधात व्याख्येचा आग्रह धरणे अस्थानी होय. हा सर्व विचार कारणे देऊन काही सिद्ध करू पाहणाऱ्या निबंधापुरता आहे.

नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही

शब्दाची निवड ही केवळ वर्गातील बाब नाही, हे दाखविणारा एक प्रसंग आपल्या राज्याच्या इतिहासात आहे. महाराष्ट्र राज्याने १९६३ साली एक कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’ म्हणजे टंचाई हा शब्द घातला. त्यामागील भूमिका अशी होती की, शासन शेतीच्या स्थितीवर सतत लक्ष ठेवते व टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजते. त्यामुळे पूर्वीच्या अर्थाची उपासमारीची परिस्थिती निर्माण होण्यास आता वाव नाही.

त्यानंतर अवघ्या दहा वर्षांच्या आत, १९७० ते १९७३ या काळात, राज्याच्या मोठ्या भागात लागोपाठ पावसाने दगा दिला, आणि १९७२-७३ हे वर्ष सर्वांत कठीण गेले. त्या वर्षाला गावोगावी आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात. मग १९६३ चा कायदा खोटा ठरला काय? उत्तर शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. पावसाची तूट आणि पीक बुडणे या अर्थांनी तो भीषण दुष्काळ होता, याविषयी वाद नाही. परंतु बंगालसारखी प्राणहानी त्या वेळी झाली नाही. खडी फोडणे, रस्ते, नाला बंडिंग, पाझर तलाव अशी कामे काढण्यात आली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. पीक नव्हते, पण मजुरी होती, आणि मजुरीमुळे धान्य विकत घेता येत होते. हाल, कुपोषण, स्थलांतर हे सर्व झाले. तरी उपासमारीने मृत्यूंची लाट येण्याचे पुष्कळ अंशी टळले. याच अनुभवातून रोजगार हमी योजना आली व तिचा कायदा १९७७ साली झाला.

या प्रसंगाकडे पाहताना दोन्ही बाजूंनी सावध राहावयास हवे. ‘कायद्यात शब्दच नाही, म्हणून दुष्काळ नाही’ असे म्हणणे चूक, कारण कायदा शब्द काढू शकतो, पावसाची तूट काढू शकत नाही. आणि ‘बहात्तर साली दुष्काळ पडलाच, म्हणून कायद्याची भूमिका खोटी’ असे म्हणणेही घाईचे, कारण कायद्यातील शब्द उपासमारीविषयी होता आणि गावकऱ्यांचा शब्द पावसापाण्याविषयी आहे. कामावर मिळालेल्या मजुरीने लोक जगले की नाही, हे मोजून ठरवावयाचे आहे. शब्दाच्या बळावर नव्हे.

दुरुस्त केलेला आरंभ

आता नमुन्यातील निबंध सुधारून पाहू. चार गोष्टींना चार नावे देणे हा उपायाचा गाभा आहे. ‘दुष्काळ’ हा शब्द मात्र लोकांच्या वापरापासून फार दूर नेऊ नये; कारण व्याख्या अगदीच अनोळखी केली, तर वाचकही ती विसरतो आणि चार ओळींनंतर लेखकही विसरतो. म्हणून आरंभ पुढीलप्रमाणे करता येईल :

“या निबंधात पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी पडणे याला मी ‘अवर्षण’ म्हणेन. पावसाच्या कमतरतेमुळे किंवा मोठ्या खंडामुळे एखाद्या भागातील हंगामाचे पीक मोठ्या प्रमाणावर जाऊन शेतकरी व मजूर यांची त्या वर्षाची उपजीविका बुडणे याला ‘दुष्काळ’ म्हणेन. लोकांना पोटापुरते अन्न मिळेनासे होऊन प्राणांवर बेतणे याला ‘उपासमार’ म्हणेन. शासनाच्या आदेशाचा उल्लेख करताना ‘दुष्काळाची घोषणा’ असे पूर्ण नाव देईन. अतिवृष्टीने होणाऱ्या हानीचा विचार येथे केलेला नाही.”

ही नावे ठरताच प्रश्नाचे स्वरूपच बदलते. ‘दुष्काळ निसर्गनिर्मित की मानवनिर्मित’ असा एक प्रश्न राहत नाही. त्याचे तीन प्रश्न होतात. अवर्षण कोणत्या कारणाने होते? अवर्षणाचा दुष्काळ केव्हा होतो आणि केव्हा होत नाही? दुष्काळाची उपासमार केव्हा होते आणि केव्हा होत नाही? पहिल्याच्या उत्तरात मान्सूनचे वर्तन प्रमुख आहे. दुसऱ्याच्या उत्तरात कालवा, विहीर, जमिनीची खोली, पिकाची निवड ही येतात, म्हणजे निसर्ग आणि माणूस दोघेही येतात. तिसऱ्याच्या उत्तरात मजुरी, धान्याचे भाव, स्वस्त धान्याचे दुकान आणि रोजगाराची कामे ही येतात, म्हणजे प्रामुख्याने माणूस येतो. १९७२-७३ चा महाराष्ट्र हे दुष्काळ असूनही उपासमार पुष्कळ अंशी टळल्याचे उदाहरण. १९४३ चा बंगाल हे अवर्षणावाचून उपासमार झाल्याचे उदाहरण. एका शब्दाखाली दडलेली ही दोन्ही उदाहरणे आता परस्परांशी भांडत नाहीत.

व्याख्येतही थोडी संदिग्धता उरली आहे, हे चाणाक्ष विद्यार्थी दाखवील. ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणजे किती? निम्मे पीक की त्याहून अधिक? येथे ‘५० पैशांच्या खाली पैसेवारी’ असा आकडा घालता येईल. पण मग ४९ आणि ५१ पैसेवारीच्या दोन शेजारच्या गावांत फरक करावा लागेल. ज्या निबंधात मदत कोणाला द्यावयाची याचा विचार आहे तेथे असा आकडा हवाच. ज्यात कारणांचा विचार आहे तेथे ‘मोठ्या प्रमाणावर’ पुरेसे होईल. कामापुरती काटेकोर व्याख्या करावी. त्याहून अधिक काटेकोरपणाचा देखावा करू नये.

वर्गात करावयाचे काम

हे सर्व सातवी-आठवीच्या वर्गात दोन तासिकांत करून घेता येते. पहिल्या तासिकेला वरील सदोष परिच्छेद फळ्यावर लिहावा. मुलांकडून ‘दुष्काळ’ शब्द जेथे जेथे आला आहे तेथे रेघ ओढवून घ्यावी. मग प्रत्येक रेघेवर पावसासाठी १, पिकासाठी २, अन्नासाठी ३ आणि आदेशासाठी ४ असा अंक मुलांनीच सुचवावा. मतभेद झाल्यास व्याख्या जागेवर ठेवून वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. ज्या ‘म्हणून’च्या अलीकडे एक अंक आणि पलीकडे दुसरा अंक येतो, तो ‘म्हणून’ खोडावा. मुलांना यातील शोधाची गंमत वाटते आणि तर्कशास्त्राचा एकही पारिभाषिक शब्द उच्चारण्याची गरज पडत नाही.

दुसऱ्या तासिकेला मुलांनी आपलाच एखादा जुना निबंध घेऊन हेच काम करावे. त्यासाठी ‘प्रगती’, ‘स्वातंत्र्य’, ‘शिक्षण’, ‘यश’ या शब्दांवरील निबंध उत्तम. ‘शिक्षण’ या शब्दाखाली शाळेत जाणे, लिहिता-वाचता येणे आणि सुसंस्कृत होणे हे तीन अर्थ एकाच पानावर सापडण्याचा पुष्कळ संभव आहे.

शेवटी आपल्याच एका सवयीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पुनरुक्ती टाळावी म्हणून आपण मुलांना समानार्थी शब्द वापरावयास शिकवितो, आणि वर्णनात्मक लेखनात ते योग्यच आहे. परंतु विचारप्रधान निबंधात व्याख्या दिलेल्या शब्दाच्या जागी केवळ शोभेसाठी कोठे ‘टंचाई’, कोठे ‘अवर्षण’, कोठे ‘दुर्भिक्ष’ असे शब्द योजले, तर वाचकाने ही एकच गोष्ट समजावी की चार, हे त्याला कळत नाही. अशा निबंधात तोच शब्द दहा वेळा आला तरी तो दोष मानून गुण कापू नयेत. समासात ‘पुनरुक्ती’ असा शेरा लिहिण्यापूर्वी, तो शब्द दहाही वेळा एकाच अर्थाने आला आहे काय, हे पाहावे. तसा आला असल्यास त्या विद्यार्थ्याने आरंभी दिलेला शब्द अखेरपर्यंत पाळला आहे असे समजावे.